वरिष्ठांना अडचण कळवताना

दुसऱ्या विभागामुळे काम अडलं, की वरिष्ठांना जाणारा ईमेल बहुधा तक्रारींचा पाढा होतो. त्यांना मात्र आपण काय ठरवायचं, हे पहिल्याच ओळीत हवं असतं. समजा, नव्या ॲपमधलं पेमेंट सुरक्षा विभागाच्या मंजुरीवाचून रखडलंय. विषयातच लिहावं : ‘गुरुवारपर्यंत निर्णय हवा : पेमेंटची मंजुरी’. खाली परिणाम : ‘मंजुरी १० तारखेला मिळणार होती, अजून नाही. त्यानंतर चाचणीला २ आठवडे लागतात; म्हणून १ तारखेला ॲप सुरू होणार नाही.’ मग पर्याय : तपासणीला जादा माणूस द्यावा, किंवा पेमेंटशिवाय ॲप सुरू करावं. ‘आमची शिफारस पहिल्याची,’ हेही लिहावं. सुरक्षा विभागप्रमुखांना आधी फोन करून मगच प्रत पाठवावी; नाहीतर मंजुरी राहते बाजूला आणि भांडणच जुंपतं.