पत्ता नाशिकचा, मुक्काम फ्रँकफर्टला

समजा, जुन्या पुस्तकांची सूची देणारी एक साइट आहे. एक लाख पानं, सर्व्हर मुंबईत. एका आयपी पत्त्यावरून मिनिटाला ६० पेक्षा जास्त रिक्वेस्ट आल्या, की तो पत्ता बंद, असा साधा नियम. आता कुणी स्क्रेपर लावून अख्खी सूची सहा तासांत उपसायची ठरवली आणि त्यासाठी ५० हजार पत्ते भाड्याने घेतले, तर प्रत्येक पत्त्याच्या वाट्याला दोनच खेपा येतात. साठाचा आकडा कुणी गाठतच नाही.

हे पत्ते घराघरांतले असतात. फुकटचं व्हीपीएन किंवा गेम घेताना, अटी न वाचता, माणूस आपलं इंटरनेट दुसऱ्याला वापरायला देऊन बसतो. अमेरिकेने मे २०२४ मध्ये मोडून काढलेल्या 911 S5 या जाळ्यात असे १ कोटी ९० लाखांहून अधिक पत्ते होते. त्यातला एखादा बंद केला, तरी स्क्रेपर त्या दाराने पुन्हा येणारच नसतो. शिवाय मोबाइल कंपन्या एकच पत्ता अनेक ग्राहकांमध्ये वाटतात. त्यामुळे दार बंद होतं ते बिचाऱ्या वाचकांचं.

मग पाहायचं काय? पत्ता बदलला तरी प्रोग्राम तोच राहतो. सुरक्षित जोडणी जुळवताना ब्राउझर आपल्याला येणाऱ्या सांकेतिक पद्धतींची यादी पुढे करतो. ‘मी क्रोम’ म्हणणाऱ्याची यादी पायथनच्या लायब्ररीसारखी निघाली, तर सोंग उघडं पडतं. JA3 आणि JA4 हे या यादीचे ठसे. अर्थात, हुबेहूब क्रोमचा ठसा देणारी साधनंही आहेत, आणि काही स्क्रेपर तर खरंच क्रोम चालवतात.

मला जास्त आवडते ती वेळेची खूण. स्क्रेपर फ्रँकफर्टला आहे आणि भाड्याचा पत्ता नाशिकच्या घरातला. पहिली, टीसीपीची जोडणी मुंबई-नाशिक एवढीच असते. उत्तर धरा २० मिलिसेकंदांत येतं. पण सांकेतिक बोलणी नाशिकचा फोन करत नाही. तो ती नुसती पुढे ढकलतो, खरं उत्तर फ्रँकफर्टहून यायचं असतं, आणि तिथे दीडशेच्या वर मिलिसेकंद जातात. शेजारी राहणारा माणूस प्रत्येक प्रश्न परदेशी फोन करून विचारून येतो, तसंच हे.

एका मोजमापावर मात्र निकाल देऊ नये. फोन जुना असला किंवा रेंज खराब असली, तरी उशीर होतो. म्हणून उशीर, ठसा आणि चाल एकत्र पाहतात: पान मागितलं पण चित्रं नाहीत, आणि पुस्तकांचे क्रमांक हजारो पत्त्यांवरून मिळून ओळीने संपत चाललेत. असा गट सापडला, की त्याला ताबडतोब हाकलण्यापेक्षा उत्तर हळू देणं किंवा एखादं कोडं घालणं बरं. चूक झालीच, तर खऱ्या वाचकाचे चार-पाच सेकंद जातात, पुस्तक जात नाही.