दोन स्टिक बटर म्हणजे किती ग्रॅम?

अमेरिकेतल्या चॉकलेट चिप कुकीजची कृती आपल्याकडच्या अनेक घरांत पोहोचली आहे. कुणाची मुलगी न्यू जर्सीहून पाठवते, कुणी व्हिडिओ पाहून उतरवून घेतं. बहुतेक कृतींचं मूळ एकच असतं. मॅसॅच्युसेट्समधल्या व्हिटमन या गावी रूथ वेकफिल्ड यांचं 'टोल हाउस इन' होतं. तिथे त्यांनी १९३०च्या दशकात या कुकीज केल्या आणि पुढे ती कृती चॉकलेट चिप्सच्या पाकिटावर छापली जाऊ लागली. सव्वादोन कप मैदा, पाऊण कप पांढरी साखर, पाऊण कप ब्राउन शुगर, दोन अंडी हे सगळं आपल्याला समजतं. अडतं ते बटरपाशी. तिथे लिहिलेलं असतं, 'एक कप किंवा दोन स्टिक'. आपल्या फ्रिजमध्ये असते १०० ग्रॅमची टिक्की किंवा ५०० ग्रॅमची लादी. मग बरेच जण एक स्टिक म्हणजे एक टिक्की धरतात आणि दोन टिक्क्या भांड्यात घालतात. इथेच २७ ग्रॅम बटर कमी पडतं.

अमेरिकेत बटर पाऊंडावर विकलं जातं. एका पाऊंडाच्या खोक्यात कागदात गुंडाळलेले चार लांबट ठोकळे असतात आणि त्यातल्या प्रत्येक ठोकळ्याला स्टिक म्हणतात. पाऊंड म्हणजे ४५३.६ ग्रॅम, म्हणून एक स्टिक म्हणजे पाव पाऊंड, ११३.४ ग्रॅम. पूर्वेकडच्या राज्यांत ही स्टिक लांब आणि बारीक असते, तर पश्चिम किनाऱ्यावर आखूड आणि जाड. फोटोत दोन्ही अगदी वेगळ्या दिसतात, पण वजन तेवढंच. कृतीपुरतं ११३ ग्रॅम धरलं की काम झालं. दोन स्टिकचे होतात २२७ आणि अर्ध्या स्टिकचे ५७.

आता टेबलस्पूनकडे येऊ, कारण खरा घोटाळा तिथेच होतो. स्टिकच्या कागदावर आडव्या रेघा छापलेल्या असतात आणि त्या स्टिकचे आठ सारखे भाग पाडतात. एक भाग म्हणजे एक टेबलस्पून. कृतीत 'सहा टेबलस्पून बटर' असं वाचलं की अमेरिकेतली बाई चमचा शोधत नाही. ती सहाव्या रेघेवर सुरी ठेवते आणि कागदासकट कापते. चमच्यात बटर दाबून भरायचं, वरून सपाट करायचं, मग बोटाने खरवडून काढायचं, असं काही ती करत नाही. म्हणजे बटरच्या बाबतीत टेबलस्पून हे माप नावाला चमच्याचं असलं, तरी प्रत्यक्षात ते स्टिकच्या वजनाचा आठवा हिस्सा आहे. ११३.४ला आठने भागलं की १४.२ येतात. म्हणून एक टेबलस्पून बटर म्हणजे १४ ग्रॅम.

आपल्याकडे मात्र हा आकडा सर्रास १५ धरला जातो. मोजमापाच्या चमच्यांच्या संचात मोठ्या चमच्यावर १५ मिली कोरलेलं असतं आणि मिलीचे ग्रॅम करताना आपण मनात पाणी धरतो. पाण्याच्या बाबतीत ते बरोबर आहे. बटरमध्ये मात्र साधारण ८० टक्के स्निग्धांश असतो आणि तो पाण्यापेक्षा हलका, म्हणून तेवढ्याच जागेत बटर कमी वजनाचं मावतं. एक-दोन चमच्यांना या फरकाने काही बिघडत नाही. पण दोन स्टिक म्हणजे सोळा टेबलस्पून. ते १५ने गुणले तर २४० होतात, म्हणजे जवळजवळ एक चमचाभर बटर जास्त. २५० मिलीचा कप काठोकाठ भरणाऱ्यांचंही असंच होतं, कारण अमेरिकन कप २३७ मिलीचा असतो. आणि घट्ट बटर चमच्यात नीट बसत नाही, कोपऱ्यात हवा राहते, तेव्हा उलटी चूक होऊन ते कमीही भरू शकतं. दोन्ही टाळायचं तर चमचा बाजूला ठेवावा आणि ग्रॅमच मोजावेत.

या आकड्यांना एक सीमा आहे, ती सांगायला हवी. हे सगळं अमेरिकन कृतींचं झालं. ऑस्ट्रेलियात टेबलस्पून २० मिलीचा असतो, त्यामुळे मेलबर्नहून आलेल्या कृतीतला एक टेबलस्पून बटर १९ ग्रॅमच्या आसपास जातो. कृती कुठली आहे हे आधी पाहावं. त्यात 'स्टिक' हा शब्द असेल तर ती अमेरिकन समजायला हरकत नाही.

आता त्या कुकीज प्रत्यक्ष करायला घेऊ. हवं आहे २२७ ग्रॅम. घरात ५०० ग्रॅमची लादी आहे आणि डिजिटल काटा आहे, तर प्रश्नच मिटला. काट्यावर पातेलं ठेवायचं, आकडा शून्यावर आणायचा आणि तुकडे घालत २२७पर्यंत जायचं. एक-दोन ग्रॅम इकडेतिकडे झाले तर फरक पडत नाही.

काटा नसेल तर लादी फ्रिजमधून काढल्या काढल्या, घट्ट असतानाच कापावी. पट्टीने लांबी मोजून बरोबर मध्ये कापली की एक अर्ध २५० ग्रॅमचं होतं. त्यातले २३ ग्रॅम कमी करायचे आहेत, म्हणजे त्या अर्ध्या तुकड्याच्या लांबीचा साधारण अकरावा भाग. अर्धा तुकडा साडेपाच सेंटिमीटरचा भरला, तर अर्ध्या सेंटिमीटरची चकती काढून टाकायची. १०० ग्रॅमच्या टिक्क्या असतील तर दोन पूर्ण घ्यायच्या आणि तिसरीचा पावाहून किंचित जास्त तुकडा. एकच टेबलस्पून हवा असेल तेव्हा टिक्कीचा सातवा भाग कापावा.

तिसरा मार्ग मला फार आवडतो आणि तो पूर्णपणे शास्त्रशुद्ध आहे. त्यासाठी मिलीच्या खुणा असलेला मोठा पारदर्शक जग लागतो. त्यात ५०० मिली थंड पाणी घ्यायचं आणि बटरचे तुकडे अलगद सोडायचे. बटर तरंगतं. तरंगणारी वस्तू स्वतःच्या वजनाइतकंच पाणी बाजूला सारते, हा आर्किमिडीजचा नियम. म्हणून पाण्याची पातळी जितके मिली चढेल, तितकेच ग्रॅम बटर पाण्यात आहे. एक स्टिक हवी असेल तर पातळी ६१३वर आली की थांबायचं. जगावर इतक्या बारीक खुणा नसतात, त्यामुळे ६००च्या रेघेच्या जरा वर, असं डोळ्यांनी ठरवावं लागतं. बटर चमच्याने खाली दाबू नये आणि ते तळाला किंवा काठाला टेकलेलं नसावं. दाबून पूर्ण बुडवलं तर वजनाऐवजी आकारमान मोजलं जातं आणि एका स्टिकला पातळी ११३ऐवजी ११८ मिली चढते. शेवटी तुकडे स्वच्छ फडक्याने कोरडे करून घ्यावेत.

कृतीत वितळलेलं बटर सांगितलं असेल तर आधी वजन करावं, मग वितळवावं. नुसतं वितळल्याने वजन बदलत नाही. ते कढवून तांबूस करायचं असेल तर त्यातलं पाणी उडून वजन घटतं, म्हणून तेव्हाही कच्चं असतानाच मोजायचं.

प्रमाण चुकलं हे कळतं कसं? दोन टिक्क्या घालून केलेल्या कुकीजमध्ये बटर बारा टक्के कमी असतं. मैदा तेवढाच राहतो, त्यामुळे पीठ हाताला कोरडं लागतं आणि ओव्हनमध्ये कुकी पसरत नाही. गोळा ठेवला होता तशीच फुगीर राहते, आणि दुसऱ्या दिवशी भुसभुशीत, कोरडी लागते. बटर जास्त झालं तर उलट. कडा पातळ होऊन लवकर करपतात, शेजारच्या कुकीज एकमेकींना चिकटतात आणि खालच्या कागदावर तेलकट गोल उमटतो. मात्र आपल्याकडच्या उन्हाळ्यात ओट्यावर बटर फार मऊ झालं तरी कुकीज अशाच पसरतात. ग्रॅम बरोबर असूनही पसरल्या, तर पिठाचे गोळे अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून पुन्हा भाजून पाहावेत. मग कारण कळेल.

ग्रॅम जुळले की मीठही जुळवावं लागतं. अमेरिकन बेकिंगच्या कृती बहुधा बिनमिठाचं बटर धरून लिहिलेल्या असतात आणि मीठ वेगळं सांगतात. आपल्याकडे घरोघरी असतं ते टेबल बटर खारं. पाकिटावर सोडियमचा आकडा दिलेला असतो, त्याला अडीचने गुणलं की मीठ मिळतं. १०० ग्रॅमला ८०० मिलिग्रॅम सोडियम असेल, तर मीठ झालं २ ग्रॅम. २२७ ग्रॅम बटरमधून साडेचार ग्रॅम मीठ आपोआप येतं, म्हणजे सपाट छोट्या चमच्याचा पाऊण भाग. कृतीत बिनमिठाचं बटर आणि एक चमचा मीठ सांगितलं असेल, तर खारं बटर घेताना वरून पाव चमचाच घालावं.

घरच्या लोण्याला मात्र हे गणित लागू पडत नाही. त्यात ताक किती राहिलं आहे ते घुसळण्यावर आणि धुण्यावर अवलंबून असतं, त्यामुळे ११३ ग्रॅम लोण्यात स्निग्धांश किती हे सांगता येत नाही. तूप वापरायचं तर हिशेब करता येतो. बटरमध्ये ८० टक्के स्निग्धांश, तर तूप जवळजवळ संपूर्ण स्निग्धांश. म्हणून २२७ ग्रॅम बटरच्या जागी १८० ग्रॅम तूप आणि सुमारे ३५ मिली दूध घ्यावं. कुकीज होतील, पण त्या रवाळ, नानकटाईच्या वळणाच्या होतील. तुपात साखर फेटताना बटरइतकी हवा धरली जात नाही, हे त्याचं कारण.

तुमच्या पाककृतींच्या वहीत कुठे 'एक टेबलस्पून बटर = १५ ग्रॅम' असं लिहिलेलं असेल तर ते खोडून १४ करा आणि शेजारी 'एक स्टिक = ११३' एवढं लिहून ठेवा. अमेरिकेतून आलेल्या कृतींना हे दोन आकडे पुरतात.