टाचेची माती आणि फोटोखालच्या दोन ओळी

बडोद्याच्या गरब्याचा एक फोटो डोळ्यांसमोर आणा. मैदानाच्या कडेला चणिया-चोळीतली एक मुलगी खाली बसली आहे. तळवा कॅमेऱ्याकडे, टाच मातीने काळवंडलेली, अंगठ्याला लावलेल्या चिकटपट्टीचं एक टोक सुटलेलं. मागे फेर चालूच आहे आणि चणियांवरच्या आरशांच्या नुसत्या प्रकाशरेघा झाल्या आहेत. याच्या खाली काय लिहायचं?

चटकन सुचतं ते असं : 'पाय थकले, पण उत्साह कायम!' ही ओळ मॅरेथॉनच्या किंवा लग्नाच्या वरातीच्या फोटोखालीही खपून जाईल. शिवाय थकवा फोटोत दिसतोच आहे. तो पुन्हा शब्दांत सांगितला की वाचक फोटोकडे परत वळत नाही, आणि मला वाटतं, फोटोओळीचं खरं काम त्याला परत वळवणं हेच आहे.

मग न दिसणारं शोधायचं. पाय अनवाणी का? गरबा मुळात देवीपुढे, मधोमध ठेवलेल्या दिव्याच्या सच्छिद्र घटाभोवती फेर धरून खेळायचा. तिच्यापुढे चपला कशा घालणार? म्हणून मोठ्या मैदानांवरही कितीतरी जण अनवाणीच उतरतात. घड्याळ तर फोटोत नसतंच. ध्वनिवर्धकाला एरवी रात्री दहानंतर बंदी असते. सणाच्या मोजक्या दिवशी राज्य सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं. बारा वाजत आले असतील, तर बसलेल्या प्रत्येकाला उठायची घाई असते.

त्यावरून ओळ अशी होईल : 'बडोदा, अष्टमीची रात्र. बाराला गाणं थांबेल. तोवर पट्टी पुन्हा चिकटवायची आणि अनवाणीच फेरात शिरायचं.'

यात थकवा नाही, उत्साह नाही, जल्लोष तर नाहीच. तरी दोन्ही गोष्टी पोचतात. क्रमही फोटोचाच आहे. शटर थोडा वेळ उघडं राहिल्यामुळे स्थिर पाय स्पष्ट आला आणि फिरणारे आरसे ओढले गेले. नजर आधी पायावर थांबते, मग मागच्या उजेडाकडे जाते. ओळही पट्टीवरून फेराकडे जाते.

पण ती मुलगी खरंच पुन्हा खेळायला गेली का? हे तिला विचारल्याशिवाय लिहिता येत नाही. ती घरी निघाली असेल, तर शेवटचं वाक्य खोटं ठरतं आणि 'आजच्यापुरतं एवढंच' असं काहीतरी लिहावं लागतं. गाणं त्या रात्री खरंच बाराला थांबणार होतं का, तेही आयोजकांकडून पक्कं करायचं. आणखी एक चूक आपल्याकडे सर्रास होते. हातात टिपऱ्या नसताना, टाळ्यांच्या गरब्याच्या फोटोखाली 'दांडियाची धूम' छापलं जातं. लिहायच्या आधी फोटोतले हात एकदा नीट पाहून घ्यावेत.