बॅकअप होता, पण त्याच इमारतीत

फ्रान्समधल्या स्ट्रासबुर शहरात ओव्हीएच या क्लाउड कंपनीची चार डेटा सेंटर एकाच आवारात होती. १० मार्च २०२१ ला मध्यरात्र उलटल्यावर त्यांतल्या ‘एसबीजी-२’ या पाच मजली इमारतीला आग लागली. सकाळपर्यंत ती पूर्ण जळाली, शेजारच्या ‘एसबीजी-१’चाही काही भाग गेला. कुणाला इजा झाली नाही, ही मोठीच गोष्ट. पण असंख्य वेबसाइट बंद पडल्या आणि ‘रस्ट’ या ऑनलाइन खेळाच्या युरोपातल्या पंचवीस सर्व्हरवरचा डेटा कायमचा गेला.

डेटा सेंटरमध्ये माणसाच्या उंचीच्या लोखंडी रॅकमध्ये सर्व्हर एकावर एक रचलेले असतात आणि ते क्षणभरही बंद पडून चालत नाहीत. वीज गेली की जनरेटर सुरू व्हायला थोडा वेळ लागतो. तेवढा वेळ बॅटऱ्या आणि यूपीएस भार उचलतात. आग विझवायला आलेल्या जवानांच्या उष्णतादर्शक कॅमेऱ्यात पेटलेले दिसले ते यूपीएसच.

सर्व्हरने घेतलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होते आणि ती सतत बाहेर काढावी लागते. एसी चालवायचा म्हणजे पुन्हा वीज. एसबीजी-२ मध्ये ती वाचवली होती: बाहेरची हवा आत येई, तापून आपोआप वर चढे आणि निघून जाई. रचना खरोखर हुशारीची होती, पण आग लागल्यावर आतल्या मोकळ्या चौकांनी धुराड्याचं काम केलं. त्यात मजल्यांमध्ये लाकूड, आपोआप आग विझवणारी यंत्रणा नाही आणि सगळा पुरवठा एकदम तोडणारा बाहेरचा स्विचही नाही. वीज बंद करायलाच सुमारे तीन तास गेले. ज्या व्यवस्थेने वीज कधीच जाऊ द्यायची नाही, तिथे ती घालवणंच अवघड ठरलं.

बाती कुर्ताज या फ्रेंच कंपनीने बॅकअपसाठी वेगळे पैसे मोजले होते. बॅकअप नियमित होतही होता. फक्त तो मूळ सर्व्हर असलेल्या इमारतीतच ठेवलेला होता, त्यामुळे दोन्ही एकाच रात्री जळाले. करारात बॅकअप मूळ सर्व्हरपासून प्रत्यक्ष वेगळ्या जागी ठेवण्याची हमी होती, म्हणून २०२३ मध्ये लील इथल्या व्यापारी न्यायालयाने ओव्हीएचला भरपाई द्यायला सांगितलं.

मग दुसरी प्रत दूर का ठेवत नाहीत? ठेवतात, पण अंतराची किंमत मोजावी लागते. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. हजार किलोमीटर जाऊन परत यायला किमान दहा मिलिसेकंद लागतात. प्रत्येक नोंद दोन्हीकडे पोचल्याशिवाय पक्की मानायची नसेल, तर व्यवहारागणिक तेवढी वाट पाहावी लागते. म्हणून अनेकदा एक प्रत काही किलोमीटरवर ताबडतोब होते आणि दुसरी फार दूर, थोड्या उशिराने. शिवाय कायदाही आडवा येतो. रिझर्व्ह बँकेच्या २०१८ च्या नियमानुसार भारतातल्या पेमेंट व्यवहारांचा डेटा भारतातच साठवावा लागतो. त्यामुळे मुंबईतल्या अशा डेटाची दूरची प्रत सिंगापूरला नव्हे, पुणे, हैदराबाद किंवा चेन्नईला ठेवावी लागते. मुंबईच्या पुराचा आणि वीज खंडित होण्याचा फटका त्याच वेळी तिथेही बसेल का, हे जागा ठरवतानाच तपासावं लागतं.