ओट्याखालचा गॅस आणि उतारवयातील नाक

स्वयंपाकाच्या गॅसला मुळात जवळजवळ वास नसतो. सिलिंडरमध्ये दाबाखाली द्रवरूपात भरलेले ब्यूटेन आणि प्रोपेन हे दोन्ही वायू रंगहीन आहेत, आणि गळती झाली तर ती डोळ्यांना दिसत नाही. म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन नावाचे गंधकयुक्त द्रव्य अत्यल्प प्रमाणात मिसळतात. कुजलेल्या कोबीसारखा जो दर्प आपल्याला येतो, तो या द्रव्याचा. मानवी नाक या द्रव्याला विलक्षण संवेदनशील असते, म्हणूनच त्याची निवड झाली.

हा दर्प किती तीव्र असावा, याचाही दंडक आहे. हवेत गॅसचे प्रमाण साधारण पावणेदोन टक्क्यांवर गेले की ठिणगीने भडका उडू शकतो. त्या प्रमाणाच्या एक पंचमांश गॅस हवेत असतानाच वास जाणवला पाहिजे, अशी अपेक्षा असते. म्हणजे धोका पूर्ण होण्यापूर्वी सूचना मिळावी, अशी ही योजना आहे. मात्र ती सूचना ऐकणारे नाक शाबूत असावे लागते, आणि गॅस त्या नाकापर्यंत पोहोचावा लागतो.

यातील दुसरी अट आधी पाहू. प्रोपेन हवेच्या सुमारे दीडपट, तर ब्यूटेन दुप्पट जड असते. त्यामुळे गळालेला गॅस वर न जाता ओट्यावरून खाली उतरतो आणि फरशीवर पसरतो. वारा नसलेल्या, दारे-खिडक्या लावलेल्या घरात तो बराच वेळ तसाच खाली साचून राहतो. उभ्या माणसाच्या नाकाशी वास पुसट असतो, तेव्हा पायांशी तो दाट असू शकतो.

एक उदाहरण घ्या. दहा फूट लांब, आठ फूट रुंद आणि दहा फूट उंच स्वयंपाकघरात मोठ्या शेगडीवर दूध उतू गेले आणि ज्योत विझली, पण बटण चालूच राहिले. अशा शेगडीतून तासाला साधारण दीडशे ग्रॅम गॅस बाहेर पडतो. तो सगळ्या खोलीत सारखा मिसळला, तर भडक्याच्या मर्यादेपर्यंत पोहोचायला जवळजवळ एक किलो गॅस लागेल. तोच गॅस खालच्या फूटभर थरात साचला, तर शंभर ग्रॅमही पुरतात, म्हणजे पाऊण तासाच्या आतच! त्या थरातच फ्रिजचा कॉम्प्रेसर असतो, आणि अनेक घरांत देव्हाऱ्यातील समईही.

आता नाकाविषयी. साठीनंतर गंधज्ञान हळूहळू कमी होते. ऐंशी ओलांडलेल्यांपैकी निम्म्याहून अधिकांत ते मंदावलेले आढळते. कंपवात आणि स्मृतिभ्रंशात ते बरेचदा आजाराच्या आरंभीच जाते. जुनाट सर्दी, नाकातील गाठी आणि कोविड यांचाही परिणाम होतो. हे इतके सावकाश घडते की रुग्ण ‘मला वास येत नाही’ असे सांगत नाही. तो ‘जेवणाला पूर्वीची चव राहिली नाही’ असे म्हणतो. शिवाय धडधाकट नाकही एकाच वासाला काही मिनिटांत सरावते. तांबड्या रश्श्याची फोडणी किंवा उदबत्ती यांत पुसट दर्प सहज झाकला जातो.

म्हणून घरातील ज्येष्ठांना डोळे मिटायला सांगून हिंग, कॉफी, लवंग यांचे वास ओळखता येतात का, हे पाहा. ओळखता येत नसतील, तर कानाने कळेल असा गॅससूचक भोंगा बसवा. तो जमिनीपासून फूटभर उंचीच्या आत असावा. छताजवळ लावलेला भोंगा फार उशिरा वाजेल. नळाने येणारा गॅस मात्र हवेपेक्षा हलका असतो. तो वर चढतो, म्हणून त्याचा भोंगा छताजवळ लागतो. दोन्हींची गल्लत करू नये. ज्योत विझताच गॅस आपोआप बंद करणारी शेगडी मिळते. एकट्या राहणाऱ्या वृद्धांसाठी ती अधिक उपयुक्त आहे.

वास आलाच, तर विजेचे कोणतेही बटण दाबू नका, चालू असलेले बंदही करू नका. ठिणगी दोन्ही वेळी पडते. समई, उदबत्ती तेवत असेल तर शांत करा. शेगडी आणि रेग्युलेटर बंद करा. दारे सताड उघडा. खाली साचलेल्या गॅसला वाट दाराच्या उंबऱ्यावरूनच मिळते, केवळ वरच्या झरोक्यातून नाही. एक्झॉस्ट पंखा लावू नका. मग सर्वांनी, विशेषतः जमिनीवर अंथरूण घालून झोपलेल्यांना आणि रांगत्या मुलांना उचलून, बाहेर पडावे आणि बाहेरूनच १९०६ या क्रमांकावर कळवावे. गॅसगळतीच्या तक्रारीसाठी तो चोवीस तास चालू असतो.