सरपंचांचा शब्द आणि ग्रामपंचायतीचा ठराव



निघोजे आणि आसपासच्या गावांत आपल्या गटांना ग्रामपंचायतीची लहानमोठी कामे मिळतात. कधी कापडी पिशव्या शिवायच्या असतात, कधी कार्यक्रमाचा नाश्ता करायचा असतो. दुसरीकडे आपल्यातल्याच काही ताई आता सदस्य आहेत, सरपंच आहेत. म्हणजे बिल देणारी आणि बिलावर सही करणारी, दोघी आपल्याच. दोघींनाही अडचणीत आणणारी गोष्ट एकच आहे: मंजुरी कोणी द्यायची हे न पाहता खर्च करणे.

एक उदाहरण घेऊ. गाव कुठलेही धरा. सरपंच गटाच्या अध्यक्षांना फोन करतात, "प्लॅस्टिकबंदीसाठी दीड हजार कापडी पिशव्या शिवून द्या, चाळीस रुपयांप्रमाणे देऊ." एकूण 60,000 रुपये. गट अंतर्गत कर्ज काढून कापड आणतो, महिनाभर मशिनी चालतात, पिशव्या पोहोचतात. बिल मात्र अडकते. ग्रामसेवक (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) सांगतात, "ठराव नाही, मी पैसे काढू शकत नाही." आपल्याला वाटते, हा माणूस मुद्दाम अडवतोय. पण इथे त्यांचे बरोबर आहे.

ग्रामपंचायतीचा पैसा खर्च करायचा अधिकार सरपंचांचा एकट्याचा नाही, तो पंचायतीचा आहे. म्हणजे रीतसर नोटीस काढून भरलेल्या, गणसंख्या पूर्ण असलेल्या मासिक सभेचा. 1958 च्या ग्रामपंचायत कायद्यात, कलम 38 मध्ये, सरपंचांना कार्यकारी अधिकार दिले आहेत, पण कशासाठी? कायदा आणि पंचायतीचे ठराव अमलात आणण्यासाठी. ठरावच नसेल तर अमलात काय आणणार? म्हणून सरपंचांचा फोनवरचा शब्द कितीही मनापासून असला तरी तो ग्रामपंचायतीची मंजुरी होत नाही. आपल्या भागात कारखान्यांच्या करामुळे पंचायतीकडे चार पैसे जास्त येतात. त्याने गल्ला मोठा होतो, एकट्या माणसाचा अधिकार नाही.

आता हेच काम नीट कसे झाले असते ते बघा. आधी अर्थसंकल्पात, म्हणजे नमुना 1 मध्ये, स्वच्छतेच्या किंवा तशा शीर्षाखाली पैशाची तरतूद हवी. पण तरतूद म्हणजे मंजुरी नव्हे, इथे बऱ्याच जणी गोंधळतात. घरात दिवाळीसाठी पैसे बाजूला ठेवले म्हणजे साडी घ्यायला सगळ्यांनी हो म्हटले असे होत नाही ना, तसेच. तरतुदीनंतर त्याच खर्चाचा वेगळा ठराव मासिक सभेत व्हायला हवा: काय घ्यायचे, किती, कोणत्या शीर्षातून, आणि खाली सूचक-अनुमोदकांची नावे. मग दरपत्रके मागवायची, ती सभेपुढे ठेवून दर ठरवायचा. त्यानंतर गटाला लेखी पुरवठा आदेश, त्यावर ठराव क्रमांक आणि तारीख. पिशव्या आल्या की मोजून साठा नोंदवहीत घ्यायच्या. सगळ्यात शेवटी प्रमाणक, म्हणजे नमुना 12, आणि पैसे दिल्याची नोंद रोकडवहीत, नमुना 5 मध्ये. घरासाठी नमुना 8 चा उतारा आपण काढतोच, त्याच मालिकेतले हे बाकीचे नमुने.

रक्कम मोठी असेल किंवा बांधकाम असेल तर यात अंदाजपत्रक, अभियंत्याची तांत्रिक मान्यता आणि निविदा येतात. तो स्वतंत्र विषय आहे.

समजा, ओळखीखातर ठराव नसतानाच 60,000 रुपये देऊन टाकले. गट खूश, गाव खूश. मग स्थानिक निधी लेखापरीक्षेचे लोक येतात. ते पिशव्या चांगल्या होत्या का, हे आधी विचारत नाहीत. प्रमाणक काढतात, त्यावरचा ठराव क्रमांक बघतात आणि सभेचे इतिवृत्त उघडतात. पैसे दिल्याची तारीख आधीची आणि ठराव नंतरचा असेल तर ते लगेच दिसते. दोन ओळींच्या मध्ये बारीक अक्षरात घुसवलेला ठरावही दिसतो. मग आक्षेप निघतो. कागद पुरे नसतील तर रक्कम आक्षेपाधीन ठेवतात आणि खुलासा मागतात. पंचायतीचे नुकसान झाले असे ठरले तर ती वसूलपात्र होते, म्हणजे ज्यांच्यामुळे खर्च झाला त्यांच्या खिशातून. सरपंच, ग्रामसेवक आणि त्यात सामील सदस्य, कोणीही सुटत नाही. सदस्यांची ही वैयक्तिक जबाबदारी कायद्यातच आहे. त्यांना म्हणणे मांडायची संधी मिळते, पण "मला माहीत नव्हते, सांगितले तिथे सही केली" हे म्हणणे तिथे फारसे उपयोगी पडत नाही.

म्हणून सदस्य ताईंना सांगते, कोऱ्या कागदावर किंवा रिकाम्या ठराव वहीवर सही करू नका. खर्च पटत नसेल तर घरी येऊन कुरकुर करण्यापेक्षा सभेतच विरोध करा आणि तो इतिवृत्तात लिहायला लावा. उद्या वसुली निघाली तर तुम्ही त्यात सामील नव्हता हे दाखवायला तुमच्याकडे तीच एक ओळ असेल.

सरपंच ताईंसाठी आणखी एक. वित्त आयोगाचे पैसे सरपंच आणि ग्रामसेवक यांच्या डिजिटल सहीने ऑनलाइन जातात. ती सही असलेले डोंगल मिस्टरांच्या खिशात किंवा संगणक चालकाच्या ड्रॉवरमध्ये असेल, तर पैसे कोणीही पाठवो, नोटीस तुमच्या नावाने येणार. डोंगल स्वतःकडे ठेवा, आणि प्रत्येक वेळी आधी ठराव व प्रमाणक बघा.

आता पिशव्या देऊन बसलेल्या गटाने काय करायचे? मासिक सभेच्या नावाने लेखी अर्ज द्या, सोबत बिल आणि पिशव्या मिळाल्याची पोच जोडा. अर्जाच्या प्रतीवर शिक्का घ्या. सभा कार्योत्तर मंजुरीचा विचार करू शकते. पण तशी मंजुरी म्हणजे सगळे माफ असे समजू नका. तरतूद नव्हती, दरपत्रके नव्हती, हे प्रश्न तसेच राहतात आणि त्यांचे उत्तर पंचायतीला लेखापरीक्षेत द्यावे लागते. कोणी म्हणाले, "मागची तारीख टाकून ठराव करू, तुम्ही फक्त बिलाची तारीख बदला," तर स्पष्ट नाही म्हणा. उशीर हा उशीरच असतो, पण तारीख बदललेले बिल म्हणजे खोटा कागद, आणि त्यावर सही गटाच्या अध्यक्ष-सचिवांची.

पुढच्या वेळी फोन आला की गोड बोलून एवढेच विचारा, "ठराव क्रमांक काय? आदेश कधी मिळेल?" आदेश हातात आल्याशिवाय कापड आणू नका.

आणि गटातली एखादी ताई त्याच ग्रामपंचायतीची सदस्य असेल, तर काम घेण्याआधीच थांबा. पंचायतीच्या कामात सदस्याचा प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हितसंबंध असेल तर कलम 14 खाली तिचे सदस्यत्व जाऊ शकते. पती किंवा दिराच्या नावाने बिल काढूनही हा धोका टळत नाही. अशा वेळी पंचायत समितीच्या विस्तार अधिकाऱ्यांना लेखी विचारा, आणि उत्तरही लेखीच घ्या.