खोका भिंतीतून कसा जातो?

जपानच्या हिरोयुकी इमाबायाशी यांनी 1981 मध्ये रचलेल्या ‘सोकोबान’ या कोड्यात गोदामातले खोके ढकलून ठरलेल्या जागी न्यायचे असतात. खोका ओढता येत नाही आणि एका वेळी एकच ढकलता येतो. हा खेळ स्वतः लिहायला बसलेल्यांना दोन चमत्कार हमखास दिसतात : खोका भिंतीत शिरतो किंवा दोन खोके एकदम सरकतात.

नकाशात `#` म्हणजे भिंत, `@` खेळाडू, `$` खोका, `.` ठरलेली जागा आणि `*` म्हणजे जागेवर पोचलेला खोका. खेळाडूला उजवीकडे जायचे आहे असे धरू.

```
#@$ #
#@$#
#@$$ #
#@$* #
```

पहिल्या ओळीत खोका सरकायला हवा, बाकी तिन्हींत काहीच हलता कामा नये. पुढच्या घरात खोका असला की त्याच्याही पलीकडचे घर पाहावे लागते. ते पाहिलेच नाही तर दुसऱ्या ओळीत `$` भिंतीच्या `#` वर लिहिला जातो आणि भिंत पुसली जाते. तिसऱ्या ओळीत दोन खोक्यांचा एकच उरतो.

खोके नकाशात न लिहिता त्यांच्या जागांची वेगळी यादी ठेवली असेल, तर तीच चूक निराळी दिसते. दोन खोके एकाच घरात येतात, पडद्यावर एकच दिसतो आणि पुढच्या धक्क्याला दोन्ही जोडीने सरकतात. काही जण ‘पुढे खोका असेल तर तोही सरकव’ असे लिहितात. मग मात्र खोक्यांची अख्खी रांगच हलते.

चौथी ओळ सर्वांत फसवी. ‘पलीकडे `#` किंवा `$` असेल तर थांब’ अशी अट घातली, की पहिल्या तीन ओळी बरोबर चालतात. पण `*` हाही खोकाच आहे, हे अटीत आलेले नसते. त्यामुळे एखादा खोका जागेवर पोचेपर्यंत दोष दिसतच नाही. म्हणून काय अडवते याची यादी करण्याऐवजी काय मोकळे आहे, ते विचारावे :

```
a = p + d
b = a + d
if g[a] in "$*" and g[b] in " .":
    pass  # ढकला
```

इथे `p` खेळाडूची जागा, `d` दिशा आणि `g` नकाशा. मोकळी घरे दोनच प्रकारची असतात, त्यामुळे काही विसरायला जागा राहत नाही.

दोष शोधायला प्रत्येक चालीनंतर भिंती आणि खोके मोजावेत. त्यात `$` आणि `*` दोन्ही धरावेत. आकडा बदलला की काहीतरी पुसले गेले. पण रांग सरकली तर हा आकडा बदलत नाही आणि यादीतले खोके एकावर एक आले तरी बदलत नाही. त्यासाठी आणखी दोन गोष्टी तपासाव्यात : एका चालीत एकाहून जास्त खोक्यांची जागा बदलली का, आणि दोन खोके एकाच घरात आहेत का.